टेंडर आणि नोकरीच्या जाहिराती वाचून धंदा शोधणे: आठ महिन्यांच्या वापरानंतर

गेल्या आठवड्यात खात्यातून ६,००० रुपये गेल्याचा मेसेज आला आणि चहा घशातच अडकला. टेंडर अलर्ट पाठवणाऱ्या एका खासगी सेवेचं वर्ष अजून संपायचं होतं, पण त्यांनी पुढच्या वर्षाचे पैसे आधीच कापून घेतले. फोन केला तर म्हणतात, नोंदणी करताना तुम्हीच टिक केली होती. त्या टिकमार्कवरून पाऊण तास भांडलो. शेवटी ठरवलं, आता सगळाच अनुभव लिहून काढू.

मी फोंड्याचा. कुंडईच्या एका कारखान्यात सांडपाणी प्रक्रिया प्लँटवर अकरा वर्षं होतो. स्वतःचं काहीतरी सुरू करायचं होतं, म्हणून सप्टेंबरपासून रोज रात्री दोन गोष्टी वाचायला लागलो: गोव्यातल्या नोकरीच्या जाहिराती आणि सरकारी निविदा. लोकांना कशाची गरज आहे ते त्यांना विचारून कळत नाही, ते पैसे कशावर खर्चायला निघालेत त्यावरून कळतं, एवढाच त्यामागचा विचार. पोर्टल कसं उघडायचं, डिजिटल सही कुठे मिळते हे सगळं तुम्हाला ठाऊक असणार, त्यात जात नाही. नुसतं वाचायला डिजिटल सही लागत नाही, एवढं मात्र सांगतो. माझे दोन महिने त्या भीतीतच गेले.

आधी नोकऱ्यांबद्दल. एसटीपी म्हणजे सांडपाणी प्रक्रिया प्लँट. ‘एसटीपी ऑपरेटर पाहिजे’ ही जाहिरात मी वहीत तारखेसकट लिहायला लागलो. सप्टेंबर ते नोव्हेंबर चौतीस नोंदी झाल्या. कळंगुट, कांदोळी, बागा, पर्वरी. मला वाटलं घबाडच सापडलं. मेहुण्याला सांगितलं, गोव्यात हॉटेलांचे प्लँट धडाधड वाढताहेत. तो हॉटेलात काम करतो. तो म्हणाला, “भावजी, ऑक्टोबरात सीझन सुरू होतो. त्या वेळी आम्हाला वेटरपासून माळ्यापर्यंत सगळेच हवे असतात.”

तोंडात मारल्यासारखं झालं. वही घेऊन परत बसलो. एकच जागा तीन एजन्स्यांनी तीन नावांनी टाकली होती, ती एक धरली. एकाच हॉटेलाने दर पंधरा दिवसांनी टाकलेली तीच जाहिरातही एकच धरली. चौतिसाचे तेरा झाले. डिसेंबर ते फेब्रुवारी जेमतेम पाच नव्या नोंदी. म्हणजे चढता आलेख वगैरे काही नव्हता, सीझन होता. तुम्ही वाचायला सप्टेंबरात बसलात तर गोव्यात प्रत्येक धंदा वाढतोय असंच वाटेल.

इथे मी जवळजवळ सोडून दिलं होतं. पण त्या तेरांतली चार नावं पुन्हा पुन्हा येत होती. कामाचं वर्णन नीट वाचलं तेव्हा एक ओळ सारखी दिसली: ‘प्लंबिंग आणि स्विमिंग पूलची माहिती असल्यास प्राधान्य.’ त्यातल्या कळंगुटच्या एका हॉटेलात गेलो. तिथले मेंटेनन्सचे साहेब सरळ बोलले. “अरे बाबा, माणूस टिकत नाही रे. येतो, वास घेतो, जातो.” प्लँट साठ केएलडीचा, म्हणजे दिवसाला साठ हजार लिटरचा. हवा फुंकणारा ब्लोअर चालू होता, पण टाकीत बुडबुडे एकाच कोपऱ्यात उसळत होते, म्हणजे हवा पाण्यात सोडणारे बाकीचे डिफ्युझर तुंबलेले. गाळ बसतो कसा हे पाहायचा एक लिटरचा काचेचा सिलिंडर ऑफिसच्या खिडकीत होता. त्यात मनी प्लांट लावलेला.

मी तो मनी प्लांट बाटलीत हलवला, सिलिंडर धुतला आणि एरेशन टाकीतलं पाणी भरून अर्धा तास ठेवला. गाळ, म्हणजे मैला खाणारे जिवाणूच, हजार मिलिलिटरपैकी जेमतेम ऐंशीपर्यंत बसला. नीट चालणाऱ्या अशा प्लँटमध्ये अडीचशे ते चारशेच्या आसपास बसलेला मी पाहत आलोय. पावसाळ्यात हॉटेल रिकामं, मैला येत नाही, जिवाणू उपाशी मरतात. मग ऑक्टोबरात अचानक खोल्या भरल्या की त्यांना ते पेलत नाही, आणि वास सुटतो. नवा ऑपरेटर नेमका त्याच आठवड्यात रुजू झालेला असतो, शिव्या त्यालाच.

तेव्हा त्या ओळीचा अर्थ लागला. या हॉटेलाला पूर्ण माणूस नकोच आहे. प्लँटसाठी दिवसातले दीड-दोन तास जाणकार नजर हवी आहे, आणि उरलेल्या वेळेचा पगार वसूल व्हावा म्हणून त्याच माणसाच्या गळ्यात प्लंबिंग आणि पूल. प्लंबर असतो तो प्लँटला हात लावत नाही, प्लँटवाला नळ दुरुस्त करून कंटाळतो. त्यामुळे तीच जागा सहा महिन्यांत चौथ्यांदा जाहिरातीत येते. जाहिरातींचा आकडा पाहत बसलो असतो तर हे कधीच दिसलं नसतं.

आता निविदा. माझं सगळं प्रेम आणि सगळा राग इथेच आहे. राज्याचं पोर्टल `eprocure.goa.gov.in` फुकट आहे. कॅप्चा मात्र असा की म्हशीला अक्षरं लिहायला बसवलंय. पण मुखपृष्ठावरच्या यादीत खाली `Cancelled/Retendered` नावाचा एक दुवा आहे आणि आठ महिन्यांत मला खरा फायदा झाला तो त्यातून. बायको म्हणते झोपेतही तेच बडबडतोस. असेल. सगळे लोक चालू निविदा वाचतात, त्यात गर्दी असते. कोणाला हवं होतं आणि तरी मिळालं नाही, हे या दुव्याखाली पडलेलं असतं.

एक उदाहरण. एका सरकारी इस्पितळाच्या एसटीपीचं वर्षभराचं संचालन आणि देखभाल. पहिल्या वेळी एकही बोली नाही. दुसऱ्या वेळी एक आली, ती तांत्रिक छाननीत बाद. मी उड्या मारल्या: गरज आहे आणि करणारा कोणी नाही! मग बीओक्यूची, म्हणजे कामाच्या बाबवार यादीची, एक्सेल फाइल उतरवून गणित मांडलं. तीन पाळ्या, वर्षाचे सगळे दिवस, प्रत्येक पाळीला एक माणूस. साप्ताहिक सुट्टी धरून चार माणसं लागतात. पीएफ वगैरे धरून माणशी १८,००० धरले तर महिन्याला ७२,०००, वर्षाला ८,६४,०००. अंदाजपत्रक होतं ९,८०,००० चं. उरले १,१६,०००, महिन्याला दहा हजारसुद्धा नाहीत. त्यातच हायपोक्लोराइट, गाळ उपसायचा टँकर, ब्लोअरचा पट्टा, नमुने तपासायची फी. नफा तर सोडाच.

म्हणजे करणारे नव्हते असं नाही. जुना दर पाहून ते शहाणे लोक घरी बसले होते. रद्द झालेली निविदा पाहून गरज आहे असं मानायचं आणि भाव आहे की नाही ते तपासायचंच नाही, ही चूक मी तीन वेळा केली. आता दोन्ही वेळचे कागद शेजारी ठेवून दोनच गोष्टी पाहतो: अंदाजित रक्कम बदलली का, आणि पात्रतेची अट सैल केली का. दोन्ही तशाच राहून फक्त तारीख पुढे गेली असेल तर पान बंद. या इस्पितळाच्या तिसऱ्या वेळी रक्कम १३,४०,००० झाली आणि ‘फक्त सरकारी कामाचा अनुभव’ हे वाक्य जाऊन खासगी कामही चालेल असं आलं. सरकारी खातं बाजारभावापर्यंत आलं ते तिथे.

मी बोली भरली नाही. त्याच प्रकारची कामं केल्याची अट होतीच, अंदाजित रकमेच्या ८० टक्क्यांचं एक, किंवा ५० टक्क्यांची दोन, किंवा ४० टक्क्यांची तीन. ओळखीचीच अट, पण माझ्याकडे तेव्हा शून्य. पण तो १३,४०,००० चा आकडा मी हॉटेलवाल्यांसमोर ठेवला. सरकार एका प्लँटसाठी महिन्याला लाखाच्या वर मोजायला तयार आहे, मी आठवड्यातून तीन फेऱ्या मारतो, ९,००० द्या. पाणी कायद्याखालच्या, म्हणजे १९७४ च्या कायद्याच्या, संमतीपत्रात पाणी तपासून घ्यायची अट असतेच, त्याची वहीही मी ठेवतो. आज पाच प्लँट आहेत. तीन हॉटेलं, पर्वरीतल्या दोन सोसायट्या. त्या चार पुन्हा पुन्हा येणाऱ्या नावांतली दोन यात आहेत, आणि त्यांच्या जाहिराती थांबल्या.

एक मर्यादा सांगायलाच हवी. देखभालीची निविदा ही आधीची खूण नाही, उशिराची आहे. नव्या प्लँटच्या बांधकामाच्या निविदेतच पुष्कळदा पुढच्या काही वर्षांची देखभाल बांधणाऱ्याच्या गळ्यात असते, तोवर तुम्हाला तिथे जागा नाही. म्हणून मी आता जुन्या बांधकाम निविदा काढून ती मुदत कधी संपते ते वहीत टिपून ठेवतो. त्याहून आधीचं हवं असेल तर प्रकल्प अहवाल करून देणाऱ्या सल्लागाराची निविदा बघा. पण ते वाचून लगेच धंदा काढणाऱ्याने घरात दोन-तीन वर्षांचे तांदूळ भरून ठेवावेत.

आता त्या सहा हजारांकडे येतो. अलर्टसाठी मी ‘एसटीपी’ हा शब्द दिला होता. पहिल्याच महिन्यात वायरिंगच्या निविदांचा पाऊस पडला, कारण नेटवर्कच्या एका केबललाही एसटीपीच म्हणतात. आणि इस्पितळाची ती निविदा, जिच्यावर माझं सगळं उभं राहिलं, ती आलीच नाही, कारण शीर्षकात ‘सांडपाणी संयंत्र’ अशा अर्थाचे शब्द होते, एसटीपी नव्हतं. शुद्धिपत्रकं तर त्यांनी एकदाही कळवली नाहीत. बोलीपूर्व बैठक पुढे ढकलली होती, मी फोंड्याहून पणजीला गेलो, सुरक्षारक्षकाने सांगितलं कोणी नाही. पेट्रोल आणि अर्धा दिवस माझा.

सुरुवातीला मी या सेवेला पाचपैकी चार देणार होतो, वेळ वाचतो म्हणून. आता एक. फुकटच्या पोर्टलला चार, एक त्या कॅप्चासाठी कापला.

पैसे परत मागणारा तिसरा मेल काल टाकला. उत्तरात त्यांनी मला पुढच्या वरच्या योजनेवर दहा टक्के सवलत देऊ केली आहे.