आधी बोलेल त्याला गुण, की सगळ्यांनी लिहायचं?

मुलांनो, काका, मावशी, आजी, टीव्हीच्या प्रश्नमंजुषेला गुण कसे द्यायचे यावर दोन मतं पडली आहेत, म्हणून दोन्ही पद्धती ताडून पाहिल्या.

पहिली, आधी बोलेल त्याला गुण. खेळ पळतो, मजा येते. पण इथे माहितीइतकाच वेगही मोजला जातो. समजा, धाकटीला दहापैकी सहा उत्तरं येतात, पण चार वेळा दादा तिच्याआधी ओरडतो. तिच्या नावावर दोनच गुण. आजीला जुन्या मालिका तोंडपाठ आहेत, तरी तिचंही तसंच होणार. शिवाय प्रश्न संपायच्या आत अंदाज ठोकणं सुरू होतं. त्याला आळा घालायचा तर चार पर्यायांच्या प्रश्नाला बरोबर उत्तराचे तीन गुण आणि चुकीला एक वजा. नुसते अंदाज करणाऱ्याची बेरीज मग सरासरी शून्यावर येते.

दुसरी, प्रत्येकाने कागदावर लिहायचं. धाकटीला सहाचे सहा मिळतात. वेळ जास्त जातो, आणि शेजारच्या कागदावर नजर जाते, म्हणून तीस सेकंदांनी सगळ्यांचे कागद एकदम उलटे. शुद्धलेखनाचे गुण कापायचे नाहीत. ज्याला लिहिता येत नाही, त्याने माझ्या कानात सांगावं. प्रश्न मात्र निम्मे जुन्या मालिकांवर, निम्मे कार्टूनवर हवेत, नाहीतर ही पद्धतही एकाच पिढीच्या बाजूने झुकेल.

सगळे एका वयाचे असतील आणि वेळ कमी असेल तर पहिली पद्धत चांगली. आजीपासून धाकटीपर्यंत सगळे बसणार असतील तेव्हा लिहिण्याचीच.