फोटोवरून प्रश्नपत्रिकेचं भाषांतर : आठ महिन्यांच्या वापरानंतर

मी चोपड्यात अकरावी-बारावीच्या फिजिक्सच्या शिकवण्या घेते. माझ्याकडची बरीच मुलं आसपासच्या खेड्यांतून एसटीने येतात. घरी अहिराणी, दहावीपर्यंत मराठी माध्यम, आणि अकरावी सायन्सला गेलं की पुस्तक, वर्ग, पेपर सगळं इंग्रजीत. यांना फिजिक्स येत नाही असं नाही. प्रश्नात नेमकं काय मागितलंय तिथेच ती अडतात. जुन्या पेपरावर बोट ठेवून विचारतात, “मॅडम, आठे काय लिखानं शे?”

म्हणून जूनपासून मी फोनमधलं फोटो भाषांतराचं ॲप वापरायला लागले. पेपराचा फोटो काढायचा, मराठी करून घ्यायचं आणि मुलांना द्यायचं. उत्तर त्यांना शेवटी इंग्रजीतच लिहायचंय, मराठी फक्त प्रश्न कळण्यापुरतं. नाव लिहीत नाही, कारण नंतर दुसरंही एक वापरून पाहिलं आणि दोघांची खोड एकच निघाली.

ती खोड अशी, की ही ॲप नामांना बरीच सांभाळतात आणि क्रियापदाशी गाफील असतात. परीक्षेत मात्र वजन क्रियापदाला असतं. एकाच नियमावर ‘स्टेट’ म्हटलं तर नुसतं विधान लिहायचं, ‘प्रूव्ह’ म्हटलं तर सिद्धता द्यायची आणि ‘एक्स्प्लेन’ म्हटलं तर कारण सांगायचं. मराठीत तिन्ही ‘सांगा’ आणि ‘स्पष्ट करा’ यांत विरघळली की मूल बरोबर फिजिक्स लिहूनही चुकीचं उत्तर देतं.

माझ्या वर्गातलं एक उदाहरण पूर्ण सांगते, कारण त्यानंतर मी वापरण्याची पद्धतच बदलली. प्रश्न पृष्ठताणावरचा होता, गुण तीन. त्यात दोन वाक्यं होती. पहिल्यात द्रवाच्या थेंबातल्या अतिरिक्त दाबाचं सूत्र काढायला सांगितलं होतं. दुसरं ‘हेन्स डिड्यूस’ अशा शब्दांनी सुरू होत होतं आणि तेच साबणाच्या बुडबुड्यासाठी मागत होतं. ॲपने दिलेलं मराठी असं : ‘द्रवाच्या थेंबाच्या आत जादा दाबासाठी अभिव्यक्ती मिळवा. म्हणून साबणाच्या बुडबुड्यासाठी अंदाज लावा.’

वाचायला हे मराठीच आहे, म्हणून मीही ते तसंच पुढे पाठवलं. एका मुलाने थेंबाचं सूत्र नीट काढलं आणि खाली एक ओळ लिहिली, ‘बुडबुड्यात दाब जास्त असेल असा अंदाज आहे.’ अंदाज लावा म्हटलं, त्याने लावला. एका मुलीला ‘म्हणून’चा अर्थच लागला नाही. तिने दोन्ही वेगवेगळे प्रश्न धरले आणि बुडबुड्यासाठी पहिल्यापासून सगळी मांडणी पुन्हा केली. उत्तर बरोबर आलं, पण एका पायरीच्या कामाला दहा-बारा मिनिटं गेली.

प्रश्नाला खरं काय हवं होतं ते पाहा. थेंबाची त्रिज्या r वरून किंचित वाढून r + Δr झाली, तर पृष्ठभाग 8πrΔr ने वाढतो. त्याला लागणारं कार्य T × 8πrΔr. हेच कार्य आतला जास्तीचा दाब करतो, म्हणजे ΔP × 4πr² × Δr. दोन्ही समान ठेवले की ΔP = 2T/r. इथे थेंब संपला. आता ‘हेन्स’ म्हणजे हीच मांडणी हातात घेऊन पुढे जायचं, नवीन सुरुवात नाही. बुडबुड्याच्या पापुद्र्याला आतून एक आणि बाहेरून एक असे दोन पृष्ठभाग असतात, म्हणून वाढ 16πrΔr होते आणि उत्तर 4T/r येतं. दुसऱ्या वाक्याचं उत्तर एवढंच, दोन ओळींचं. योग्य मराठी असं झालं असतं : ‘द्रवाच्या थेंबातील अतिरिक्त दाबाचे सूत्र काढा. त्यावरून साबणाच्या बुडबुड्यासाठीचे सूत्र मिळवा.’ ‘म्हणून’च्या जागी ‘त्यावरून’ येताच मुलाला कळतं की मागचं उत्तर वापरायचंय. आपल्या गणिताच्या पुस्तकांत ‘यावरून’ हा शब्द कायम असतोच, मुलांच्या तो ओळखीचा आहे.

दुसरी चूक फोटोतून येते. आपण भाषांतराला दोष देतो, पण बिघाड त्याआधीच झालेला असतो. ॲप आधी फोटोतली अक्षरं ओळखतं आणि ओळी तोडतं. छापील पेपरात प्रश्न ओळीच्या टोकाशी सुरू झाला, किंवा पान घडीवर वाकलं असलं, की ‘स्टेट’ हा शब्द पुढच्या वाक्यापासून सुटतो. एकटा पडलेला ‘स्टेट’ मग ‘राज्य’ होतो. केमिस्ट्रीच्या पेपरात ‘अकाउंट फॉर’ असाच सुटला होता, त्याचं ‘खाते’ झालं. तिथे मागणी होती, ‘कारणे द्या’.

हे पकडायला मी सुरुवातीला उलटं भाषांतर करून बघायचे, मराठी पुन्हा इंग्रजीत टाकायचं. बऱ्याच जणांकडून हा सल्ला ऐकलाय, म्हणून मुद्दाम लिहिते की त्यावर विसंबू नका. ‘अंदाज लावा’ उलटं केलं तर चूक दिसते. पण ‘राज्य’ उलटं केलं की परत ‘स्टेट’च येतं, ‘खाते’चं ‘अकाउंट’ येतं, आणि सगळं ठीक आहे असं वाटतं. सगळ्यात ढोबळ चुकाच या तपासातून सुटतात.

तिसरा प्रकार मला सगळ्यात जास्त खटकतो. ‘स्पीड’ आणि ‘व्हेलॉसिटी’ यांतला फरक विचारणाऱ्या प्रश्नाचं मराठी आलं, ‘वेग आणि वेग यातील फरक करा’. बालभारतीच्या विज्ञानाच्या पुस्तकात स्पीडला ‘चाल’ आणि व्हेलॉसिटीला ‘वेग’ म्हणतात. मुलं हे नववीतच शिकलेली असतात. इथे क्रियापद जवळपास बरोबर असूनही प्रश्नच उरला नाही. पुस्तकातले पारिभाषिक शब्द ॲपला ठाऊक आहेत असं धरून चालू नका. ‘विस्थापन’, ‘त्वरण’, ‘संवेग’ हे शब्द माझ्या मुलांना येतात. त्यांच्या जागी दुसरं काही दिसलं की ती तो धडाच शिकली नाही असं समजून प्रश्न सोडून देतात.

आता मी काय करते ते सांगते. कॅमेरा नुसता पानावर धरून चालू भाषांतर बघणं पूर्ण बंद केलं. हात हलला की शब्द बदलतो, आणि मराठी अक्षरं मूळ इंग्रजीवरच बसतात, मग पडताळायचं कशाशी? पान सपाट करून, चमक पडणार नाही अशा उजेडात, एका वेळी एकाच प्रश्नाचा फोटो घेते. त्यातला मजकूर आधी इंग्रजीतच उचलते, तुटलेल्या ओळी हाताने जोडते आणि आकडे मूळ पानाशी ताडते. घातांक इथे हमखास बिघडतात, 10⁻³ चं 10-3 होऊन बसतं. ‘नॉट’ आणि ‘एक्सेप्ट’ हे शब्द मजकुरात आलेत का, हेही याच वेळी बघते. एकदा पर्यायी प्रश्नातला ‘नॉट’ घडीत गेला होता आणि चारपैकी तीन पर्याय बरोबर निघत होते.

मग भाषांतर. आलेल्या मराठीतलं क्रियापद मी ठेवतच नाही. त्याच्या जागी माझ्या वहीतलं घालते आणि शेजारी मूळ इंग्रजी शब्द देवनागरीत लिहिते. ही वही बोर्डाच्या मराठी पेपरांतून आणि पाठ्यपुस्तकांतल्या स्वाध्यायांतून बनवली, त्यामुळे शब्द मुलांच्या सवयीचे आहेत. डिफाइनला ‘व्याख्या लिहा’, ॲप देतं तसं ‘परिभाषित करा’ नाही. गणितातल्या इव्हॅल्युएटला ‘किंमत काढा’, कारण ‘मूल्यमापन करा’ वाचून मुलं मत लिहायला बसतात. डिस्टिंग्विशला ‘फरक स्पष्ट करा’, व्हेरिफायला ‘पडताळा घ्या’, लेबल्ड डायग्रामला ‘नामनिर्देशित आकृती’. ‘शो दॅट’ला ‘असे दाखवा की’ लिहिते आणि पुढे कंसात टीप देते की उत्तर प्रश्नातच दिलेलं आहे, तिथपर्यंत पोचायचंय. नुसतं ‘दाखवा’ आल्यावर एकीने आकृती काढून ठेवली होती.

शेवटी गुणांवर नजर टाकते. बारावीच्या फिजिक्सचा लेखी पेपर 70 गुणांचा. त्यात एका वाक्याचे प्रश्न एका गुणाचे, पुढे दोन, तीन आणि शेवटी चार गुणांचे असतात. मराठीत ‘सांगा’ आणि समोर चार गुण असं दिसलं की काहीतरी हरवलंय, बहुतेक वेळा ‘अँड डिराइव्ह’ किंवा त्याच्या मागचं वाक्य. उलट एका गुणाला ‘सविस्तर स्पष्ट करा’ आलं तरी थांबते. या एका तपासाने उलट्या भाषांतरापेक्षा कितीतरी जास्त चुका सापडल्या. पेपरातल्या ‘अटेम्प्ट एनी एट’चं ‘कोणतेही आठ प्रयत्न करा’ झालं तर हसून सोडू नका. अकरावीच्या एका मुलाने विचारलं होतं की एकच प्रश्न आठ वेळा सोडवायचा का. ‘कोणतेही आठ प्रश्न सोडवा’ एवढं लिहिलं की झालं.

मग ॲप ठेवायचं कशाला? लांबलचक उदाहरणं असतात, त्यात गाडी कुठून निघाली, दोरी कशाला बांधली, कोणता ठोकळा वर आहे, हे ते चांगलं सांगतं. पूर्वी असं एक पान मराठी करायला मला तास लागायचा, आता दुरुस्तीसकट वीस मिनिटं लागतात. नेट नसताना फोनमध्ये उतरवून ठेवलेली भाषा वापरली तर दुरुस्ती वाढते, म्हणून खेड्यावरच्या मुलांना मी तपासलेलं मराठीच पाठवते, ॲप वापरा असं सांगत नाही.

डिसेंबरपासून मी मराठी हळूहळू काढून घेतेय. आधी पूर्ण प्रश्न मराठीत असायचा, मग फक्त क्रियापद मराठीत, आता फक्त समासात. परवा त्याच पृष्ठताणाच्या प्रश्नाचा दुसऱ्या वर्षीचा पेपर दिला, पूर्ण इंग्रजीत. पहिल्या वेळी अंदाज लावणाऱ्या मुलाने ‘हेन्स’भोवती पेन्सिलीने गोल काढला होता, आणि त्याच्या बुडबुड्याचं उत्तर दोन ओळींत संपलं होतं.