ब्लड अगारचे फोटो : सात महिने लाइट पॅड वापरून झाल्यावर

नोव्हेंबरात सीताबर्डीवरून एक ए-फोर साइजचा एलईडी ट्रेसिंग पॅड घेतला, तो चित्र ट्रेस करायला पोरं वापरतात ना, तोच. साडेसातशे लागले, यूएसबीवर चालतो, तीन ब्राइटनेस आहेत. घेतला तो लॅबसाठी, म्हणजे प्लेटचे फोटो काढायला, कारण आमच्या मायक्रोबायोलॉजीच्या मॅडम संध्याकाळी पाचनंतर येतात अन् सकाळच्या प्लेट्स त्यांना मोबाइलवरच पाहाव्या लागतात. आता जून आहे, रोज दहा-बारा प्लेटचे फोटो जातात, म्हणून म्हटलं एकदा नीट लिहून टाकू, कारण लोकं विचारतात की फोटोवरून अल्फा-बीटा हिमोलिसिस कळतं का. कळतं, पण कोणत्या फोटोवरून कळतं ते आधी समजून घ्या.

पॅड यायच्या आधी आम्ही काय करायचो, तर काळ्या ग्रॅनाइटच्या ओट्यावर प्लेट ठेवायची, वर ट्यूबलाइट, खटकन फोटो, पाठवला. त्याच पद्धतीने एकदा फसलो, ती केस सांगतो म्हणजे बाकीचं सगळं समजेल.

दोन दिवसांच्या बाळाची ब्लड कल्चर बाटली रात्री पॉझिटिव्ह झाली. ग्राम स्टेनमध्ये ग्राम पॉझिटिव्ह कोकाय, जोड्या अन् छोट्या साखळ्या. ब्लड अगारवर सबकल्चर लावलं, कॅन्डल जारमध्ये 37 डिग्रीला, अठरा तासांनी प्लेट काढली. करड्या-पांढऱ्या, गुळगुळीत, एक ते दीड मिलिमीटरच्या कॉलनी, आजूबाजूला काहीच नाही. फोटो गेला, मॅडमचं उत्तर आलं, "हिमोलिसिस दिसत नाही, एन्टेरोकोकस वाटतोय, कॅटालेज अन् बाइल एस्क्युलिन लाव." मलाही तेच वाटलं होतं, खोटं कशाला बोलू.

कॅटालेज निगेटिव्ह आली. (ब्लड अगारवरून कॉलनी उचलताना खाली अगारला लूप खुपसू नका, रक्ताच्या पेशींमध्येच कॅटालेज असतं, बुडबुडे येतात अन् स्ट्रेप्टोकोकसचा स्टॅफ होऊन बसतो.) पण बाइल एस्क्युलिन काळं होईना. मग डोकं चालवलं अन् प्लेट खिडकीपाशी नेऊन उजेडासमोर धरली, तेव्हा दाट वाढीच्या जागी लाल रंग थोडा पातळ झाल्यासारखा वाटला. एक कॉलनी लूपने हळूच बाजूला सारली, अन् खाली बघतो तर कॉलनी होती तिथे एक छोटा पारदर्शक ठिपका. म्हणजे बीटा होतं, पण एवढं अरुंद की कॉलनीच्या सावलीतच संपत होतं. कॅम्प टेस्ट लावली, दुसऱ्या दिवशी बाणाच्या टोकासारखा आकार आला, लेटेक्समध्ये ग्रुप बी. म्हणजे स्ट्रेप्टोकोकस अगॅलॅक्टिए, ज्याला आम्ही जीबीएस म्हणतो.

हा फरक नुसता नावाचा नाही बरं. जीबीएस पेनिसिलिन-अ‍ॅम्पिसिलिनने जातो, एन्टेरोकोकसवर सेफॅलोस्पोरिन काम करत नाही, त्यामुळे एन्टेरोकोकस असं प्राथमिक रिपोर्टमध्ये गेलं असतं तर डॉक्टरांचा औषधाचा सगळा हिशोबच बदलला असता. बाळाला आधीपासून अ‍ॅम्पिसिलिन-जेन्टामायसिन चालू होतं म्हणून निभावलं. आमचा रिपोर्ट एक दिवस उशिरा गेला, एवढंच, पण ते डोक्यात राहिलं अन् त्याच आठवड्यात पॅड घेतला.

त्या फोटोत चुकलं काय होतं, तर वरून पडणारा उजेड कॉलनीवरून अन् अगारच्या वरच्या पृष्ठभागावरून परत येतो. हिमोलिसिस म्हणजे अगारमधल्या लाल पेशी फुटलेल्या, म्हणजे प्लेटमधून आरपार उजेड जातो का हा प्रश्न आहे. काळ्या ओट्यावर पारदर्शक जागा काळी दिसणार, अन् शेजारचा लाल अगारही गडदच दिसणार, मग फरक कळणार कसा? खालून उजेड आला की तीच जागा चमकते. इतकी साधी गोष्ट, कॉलेजात शिकवतात, परीक्षेत लिहितो, अन् कामाच्या गडबडीत विसरतो.

आता पॅडबद्दल. पहिले दोन आठवडे फोटो भंगार यायचे. पॅड सगळा पांढरा, मधे लाल प्लेट, फोनला वाटतं फ्रेम फार उजेडाची आहे म्हणून तो सगळं अंधारं करतो, प्लेट चॉकलेट अगारसारखी दिसते. मग प्लेटवर बोट ठेवून फोकस केलं की उलटं होतं, उजेड एवढा वाढवतो की अल्फाचा हिरवट भाग फिका पिवळा पडून बीटासारखा दिसतो. उपाय एकदम देशी, काळा कार्डशीट घेतला, त्यात साडेआठ सेंटिमीटरचं गोल भोक पाडलं अन् पॅडवर चिकटवला. प्लेट 90 मिलिमीटरची, बरोबर भोकावर बसते, बाजूचा पांढरा उजेड बंद. एवढ्या एका गोष्टीने निम्मं काम झालं. वीस रुपयांचा कार्डशीट साडेसातशेच्या पॅडपेक्षा जास्त कामाचा निघाला म्हणायला हरकत नाही.

दुसरी कटकट रंगाची. अल्फामध्ये जंतू हायड्रोजन पेरॉक्साइड सोडतो, त्याने हिमोग्लोबिनचं ऑक्सिडेशन होऊन हिरवट-तपकिरी रंग येतो, पेशी पूर्ण फुटून अगार काचेसारखा होत नाही. म्हणजे अल्फा हा रंगाचा खेळ आहे अन् फोनचा ऑटो व्हाइट बॅलन्स नेमका रंगाशीच खेळतो. फ्रेमभर लाल दिसलं की तो लाल कमी करायला बघतो, मग जिथे काही नाही तिथेही हिरवट झाक येते. आता मी प्रो मोडमध्ये व्हाइट बॅलन्स 5000K वर लॉक करतो, HDR बंद, ते सीन ओळखून रंग खुलवणारं फीचर बंद, अन् आकडा एकदा ठरवला की तोच ठेवतो. तुमच्या पॅडला कदाचित वेगळा आकडा लागेल, ठरवायची रीत अशी की काहीच न लावलेली कोरी प्लेट ठेवा अन् फोनच्या स्क्रीनवर अन् डोळ्यांना रंग सारखा दिसेपर्यंत बदला.

अन् फोटो काढताना प्लेटमधला वाढ नसलेला भाग फ्रेममध्ये असलाच पाहिजे. मॅडमचा हा नियम आहे, नुसत्या कॉलनीचा झूम केलेला फोटो पाठवला की त्या उत्तरच देत नाहीत. बरोबर आहे त्यांचं, तुलना कशाशी करायची मग? सोबत आम्ही दोन जुने फोटो ग्रुपवर पिन करून ठेवलेत, कंट्रोल स्ट्रेनचे, स्ट्रेप्टोकोकस पायोजेनेसचा एक अन् न्यूमोकोकसचा एक, याच पॅडवर याच सेटिंगला काढलेले. नवीन फोटो आला की आधी त्यांच्याशेजारी ठेवून बघायचा. पायोजेनेसची कॉलनी बारीक, अर्धा ते एक मिलिमीटर, अन् भोवती तिच्या मानाने भलं मोठं स्वच्छ रिंगण, ते एकदा नजरेत बसलं की जीबीएसशी गल्लत होत नाही, कारण जीबीएसची कॉलनी मोठी अन् रिंगण कंजूस.

एक जुगाड अजून, पारदर्शक शीटवर बारीक अक्षरं प्रिंट करून प्लेटखाली ठेवतो. रुंद बीटा असेल तर रिंगणातून अक्षर वाचता येतं, अल्फातून नाही. वर्तमानपत्राचं कात्रण ठेवू नका, खालून उजेड आला की मागच्या पानाचा मजकूरही दिसतो, मी ठेवलं होतं अन् मॅडमना वाटलं प्लेटवर काहीतरी सांडलंय. जीबीएससारख्या अरुंद झोनला याचा उपयोग शून्य, तिथे कॉलनी सारूनच बघायचं. तेव्हापासून स्ट्रेप्टोकोकसची शंका आली की मी दोन फोटो पाठवतो, एक कॉलनीसकट अन् एक कॉलनी सारल्यावरचा. अन् हो, झाकण सेफ्टी कॅबिनेटमध्येच उघडायचं, फोटोच्या नादात ओट्यावर नाही.

कॉलनी कशी दिसते यासाठी मात्र पॅड उलट त्रासाचा आहे, खालून उजेड आला की कॉलनी नुसती काळी टिकली दिसते. तिथे पॅड बंद करून छोटा टॉर्च बाजूने तिरका मारावा लागतो. न्यूमोकोकसच्या कॉलनीचा मधला भाग स्वतःच विरघळून खचतो, कॅरमच्या सोंगटीसारखा खड्डा येतो, तो तिरक्या उजेडातच कळतो. पण इथेही मी एकदा आपटलो. फुगीर कॉलनीवर टॉर्चचा चमकदार ठिपका पडतो अन् फोटोत तोच खड्डा वाटतो. आता टॉर्च दोन बाजूंनी मारून दोन फोटो घेतो, चमक असेल तर ठिपका जागा बदलतो, खड्डा असेल तर मधेच राहतो. तरी शेवटी ऑप्टोचिन लावायचंच, घशातले साधे व्हिरिडन्स पण अल्फाच असतात अन् फोटोत जुळी भावंडं वाटतात.

जे फोटोतून येतच नाही ते म्हणजे चिकटपणा अन् वास. क्लेबसिएलाची तार निघते की नाही ते लूप लावल्याशिवाय कसं कळणार?

आता नागपूरचा उन्हाळा. मे महिन्यात आमच्या लॅबमध्ये कूलर चालतो, बाहेर 45, फ्रिजमधून प्लेट काढली की झाकणावर दव जमतं अन् फोटो धुकट येतो. म्हणून उलटी प्लेट ठेवून बुडाकडूनच फोटो घेतो, हिमोलिसिस तसंही तिकडून छान दिसतं, फक्त लेबल बुडाच्या मधोमध न लिहिता काठावर लिहायचं. नाव तर लिहूच नका, फक्त लॅब नंबर, फोटो ग्रुपवर जातो बाबा. अन् वाचून झालेली प्लेट ओट्यावर पडू देऊ नका, आमच्या खोलीत दुपारी ती अर्धी इन्क्युबेटरमध्येच असते, सकाळी निवांत असलेलं रिंगण चारपर्यंत पसरलेलं दिसतं. फोटोवर वेळ टाकायची सवय यामुळेच लागली. एकदा तर तयार प्लेट्सचा आख्खा बॉक्स उन्हात कुठेतरी अडकून आला, अगार मरून रंगाचा अन् अर्धवट पारदर्शक झालेला, म्हणजे काही लावायच्या आधीच पेशी फुटलेल्या. कोऱ्या प्लेटखाली ती अक्षरांची शीट ठेवली तर वाचता आली. सगळा बॉक्स परत पाठवला, सप्लायरने फोटो मागितला, पाठवला, गपचूप बदलून दिला.

पॅडच्या तक्रारी दोन. कमी ब्राइटनेसवर फोटोत आडवे पट्टे येतात, म्हणून फुल ब्राइटनेसवर ठेवून वर बटर पेपरचे दोन थर टाकलेत, पट्टे गेले. अन् टच बटन पाचव्या महिन्यात हट्टी झालं, ग्लोव्ह घालून तर लागतच नाही, आता वायरच काढतो-लावतो. पाचपैकी साडेतीन देतो, कापलेला अर्धा बटनाचा, बाकीचा एक त्या पट्ट्यांचा.