बाटलीवरचा आकडा बरोबर होता, तरी फसलो

बिल अजून माझ्या पाकिटात आहे. पिवळा कागद, निळं बॉलपेन. इंजिन ऑइल सिंथेटिक १०डब्ल्यू-३०, साडेपाचशे. लेबर अडीचशे. चेन लूब पन्नास. ऑइलचा आकडा अगदी बरोबर आहे, आणि तो बरोबर होता म्हणूनच मी निर्धास्त राहिलो. कंपनीच्या पुस्तिकेत माझ्या गाडीला १०डब्ल्यू-३० सांगितलंय, बिलावर तेच लिहिलंय, म्हटल्यावर माणूस आणखी काय बघणार?

गाडी शंभर सीसीची. एक सिलिंडर, हवेवर थंड होणारं इंजिन, रेडिएटरची भानगड नाही. कासारवडवलीहून वागळे इस्टेटला रोजचं जाणं-येणं. पावसाळ्याआधी सर्व्हिसिंग करून घ्यावं म्हणून मे महिन्याच्या शेवटी नेहमीच्या गॅरेजात गाडी टाकली. गॅरेजवाला दोन-तीन वर्षांच्या ओळखीचा. म्हणाला, "साहेब, या वेळी सिंथेटिक टाकू या, गाडी लोण्यासारखी चालेल." मी हो म्हणालो आणि समोरच्या टपरीवर चहा प्यायला गेलो. ऑइल ओतताना मी तिथे नव्हतो, ही माझी पहिली चूक.

पहिले दोन दिवस गाडी खरंच लोण्यासारखी चालली. तिसऱ्या-चौथ्या दिवशी कापूरबावडीच्या पुलावर चढताना वाटलं की इंजिन जरा जास्तच ओरडतंय. ट्रॅफिकमध्ये असं होतं कधीकधी, म्हणून सोडून दिलं. रविवारी बायकोला मागे बसवून वसईला सासुरवाडीला निघालो, तेव्हा गायमुखच्या घाटात काय ते कळलं. चौथ्या गिअरला पंचेचाळीसने चढत होतो. थ्रॉटल पिळला तसा इंजिनचा आवाज चढला, पण काटा पस्तिसावर उतरला. म्हणजे इंजिन जोर लावत होतं आणि तो जोर मागच्या चाकापर्यंत पोचत नव्हता. क्लच घसरणं म्हणतात ते हेच.

दुसऱ्या दिवशी गॅरेजात गेलो. त्याने लिव्हर दोनदा दाबून बघितला आणि सांगून टाकलं, "क्लचप्लेट गेल्या. सेहेचाळीस हजार किलोमीटर झालेत साहेब, अजून किती चालणार?" पटलं मला. प्लेटचे चौदाशे, लेबर चारशे, आणि कव्हर उघडायचं तर ऑइल काढावं लागतं म्हणून परत तेच "सिंथेटिक", साडेपाचशे. तेवीसशे पन्नास रुपये मोजले. एक गोष्ट मात्र मी केली. बदललेला पार्ट मागून घ्यायची सवय मला वडिलांनी लावली आहे, म्हणून जुन्या प्लेटा पिशवीत घालून घरी आणल्या. त्याने थोडी कुरकुर केली, पण दिल्या.

आठवडाभरात गाडी पुन्हा तशीच वागू लागली. नव्या प्लेटा घालून! त्याला विचारलं तर म्हणाला, "नवीन आहेत, सेट व्हायला वेळ लागतो." आणखी चार दिवसांनी गेलो तर नवीनच निघालं: "इथल्या गरमीत १०डब्ल्यू-३० पातळ पडतं. २०डब्ल्यू-५० टाकतो, जाड ऑइल आहे, क्लच धरेल." मी पैसे काढणारच होतो. पाकिटात शंभरचीच नोट होती, म्हणून उद्या येतो म्हणालो. ती नोट माझी लाज राखून गेली.

माझा मेहुणा वसईत इंजिन बोरिंगच्या वर्कशॉपमध्ये आहे. फोनवर सगळं सांगितलं तर त्याने एकच प्रश्न विचारला, "भाऊजी, हे ऑइल बदलायच्या आधी सुरू झालं की नंतर?" नंतर, म्हटलं, चारच दिवसांनी. "मग प्लेटा कशा जातील? झिजायला त्यांना महिने लागतात. घेऊन या गाडी, आणि त्या जुन्या प्लेटाही आणा."

त्याने आधी केबल तपासली. लिव्हरला थोडा सैलपणा असावा लागतो. केबल ताणलेली राहिली तर क्लच कायम अर्धवट दाबल्यासारखा राहतो आणि घसरतो. ती ठीक होती. मग त्याने जुनी प्लेट आणि दुकानातून आणलेली नवी प्लेट व्हर्नियरमध्ये धरून दाखवली. फरक मिलिमीटरच्या दहाव्या भागाएवढाही नव्हता. खाचा स्पष्ट होत्या, कुठे जळल्याचा काळपटपणा नव्हता. म्हणजे माझे चौदाशे रुपये धडधाकट प्लेटा काढून नव्या घालण्यात गेले होते.

मग तो म्हणाला, "आता बाटली शोधा." मी परत गॅरेजात गेलो आणि हिशेबाला ठेवायची आहे असं सांगून मोकळी बाटली मागितली. कोपऱ्यातल्या ढिगातून त्याने एक उचलून दिली. पुढच्या बाजूला १०डब्ल्यू-३०. त्याच्याखाली स्कूटरचं चित्र, ते त्यालाही दिसलं नसावं किंवा मला दिसणार नाही असं वाटलं असावं. मागच्या लेबलवर बारीक अक्षरात एक चौकोन, आत दोन अक्षरं: एमबी. छापील किंमत ३६५ रुपये.

मेहुण्याने समजावलं ते असं. बाईकमध्ये इंजिन, गिअरबॉक्स आणि क्लच तिघांना एकच तेल. क्लचच्या प्लेटा त्याच तेलात भिजलेल्या असतात, आणि तेलात राहूनही त्यांनी एकमेकींना घट्ट धरायचं असतं. गिअरलेस स्कूटरचं तसं नाही. तिथे बेल्ट असतो आणि क्लच कोरडा, इंजिन ऑइलच्या बाहेर. म्हणून स्कूटरच्या तेलात घर्षण कमी करणारी रसायनं मोकळ्या हाताने घालता येतात, त्याने ॲव्हरेज थोडं वाढतं. तेच तेल बाईकमध्ये गेलं तर इंजिनला काही त्रास नाही, उलट गाडी मऊ चालते. पण क्लचच्या प्लेटांनाही तेच निसरडं तेल लागतं. मला पहिले दोन दिवस जाणवलेलं लोणी ते हेच!

हा फरक दाखवण्यासाठी जपानी ऑटोमोबाइल मानक आहे, जासो. ओल्या क्लचच्या गाडीला एमए, कमी घर्षणाच्या तेलाला एमबी. पुढे एमएचे एमए१ आणि एमए२ असे दोन भाग झाले, त्यात एमए२ क्लचला जास्त घट्ट धरतं. १०डब्ल्यू-३० हा आकडा यातलं काहीच सांगत नाही. तो फक्त तेलाचा जाडपणा सांगतो. एकाच आकड्याचं तेल एमएही असू शकतं आणि एमबीही.

कारच्या ऑइलचंही असंच. गॅरेजवाला पुढे मला म्हणालाच होता की एपीआयचा ग्रेड एकदम वरचा आहे, मग वाईट कसं? एपीआयची अक्षरं, एसएल, एसएन, एसपी, ही पेट्रोल इंजिनच्या झीज-काजळीबद्दल बोलतात. ओला क्लच त्यांच्या हिशेबात नसतो. वरचा ग्रेड असूनही क्लच घसरू शकतो.

राहिला त्याचा २०डब्ल्यू-५० चा उपाय. डब्ल्यूच्या आधीचा आकडा थंडीतला आहे, डब्ल्यू म्हणजे विंटर. दहा डब्ल्यूची चाचणी उणे पंचवीसला होते, वीसची उणे पंधराला. ठाण्यात त्या थंडीचा प्रश्नच नाही. नंतरचा आकडा शंभर अंशावरच्या जाडपणाचा. ३० म्हणजे ९.३ ते १२.५ सेंटिस्टोक्सच्या आत, ५० म्हणजे १६.३ ते २१.९ च्या आत. म्हणजे गरम झाल्यावरही ५० नंबरचं तेल ढोबळमानाने दीडपट-दुप्पट जाड. पंप, तेलाच्या वाटा, भागांमधली फट हे सगळं कंपनीने ठरलेल्या जाडीवर बेतलेलं असतं. माझ्या गाडीत जाड तेल गेलं असतं तर सकाळी स्टार्ट केल्यावर ते वर कॅमपर्यंत उशिरा पोचलं असतं, ॲव्हरेज पडलं असतं आणि सिग्नलला न्यूट्रल लागायला त्रास झाला असता. आणि तेल जाड आहे म्हणून क्लच धरतो असं नाही, निसरडेपणा रसायनाचा आहे. इथल्या उन्हाची सबबही चालत नाही. हवेवर थंड होणारं इंजिन उन्हातच चालणार, हे धरूनच कंपनीने आकडा दिलेला असतो. काही बाईकना कंपनीच २०डब्ल्यू-५० सांगते, त्यांना तेच घालायचं. शेजाऱ्याच्या गाडीत काय जातं ते आपल्या कामाचं नाही.

हेही सांगतो की एमबी घातलं की प्रत्येक बाईकचा क्लच लगेच घसरतोच असं नाही. स्प्रिंग कडक असेल, एकट्याने सपाट रस्त्यावर चालवत असाल तर महिनोन्‌महिने कळणार नाही. मला कळलं ते घाट आणि मागची सीट यांमुळे.

इलाज स्वस्त निघाला. गाडी दहा मिनिटं चालवून गरम केली, मेन स्टँडवर लावून ड्रेन बोल्ट काढला, थेंब थांबेपर्यंत ठेवलं. तरी थोडं जुनं तेल आत राहतंच, प्लेटाही त्यात मुरलेल्या. म्हणून पहिल्यांदा पुस्तिकेतल्या ग्रेडचं साधं मिनरल एमए तेल घातलं, तीनशे किलोमीटर चालवून काढून टाकलं आणि पुन्हा तसंच घातलं. पहिल्या फेरीतच फरक पडला, दुसऱ्यानंतर गायमुखचा घाट दोघांनी चाळीसच्या वर चढलो. सिंथेटिक हवंच असेल तर एमए लिहिलेलं सिंथेटिकही मिळतं. दोष सिंथेटिकचा नव्हता. आणि त्या बाटलीवर सिंथेटिक असं कुठे लिहिलेलंही नव्हतं, तो शब्द फक्त बिलावर होता.

बाटली आणि बिल दोन्ही घेऊन गॅरेजात गेलो. आधी तो म्हणाला, "बघा ना, १०डब्ल्यू-३०च आहे." मी किमतीवर बोट ठेवलं. छापील किमतीपेक्षा जास्त पैसे घेता येत नाहीत, वैध मापन शास्त्र विभागाकडे आणि १९१५ या ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार करता येते, हे सांगितल्यावर दोन्ही वेळचे वरचे १८५-१८५, असे ३७० रुपये त्याने गल्ल्यातून काढून दिले. प्लेटांच्या पैशांना मात्र नाही म्हणाला. "नवीन प्लेटा तर मिळाल्या ना साहेब तुम्हाला."

जुन्या प्लेटा तेलाच्या कागदात गुंडाळून कपाटात ठेवल्यात. मेहुणा म्हणतो, पुढच्या वेळी त्याच घालू. आता ऑइलची बाटली मी स्वतः दुकानातून आणतो, मागचा चौकोन वाचून. सील माझ्यासमोर फोडायला लावतो, आणि ओतून होईपर्यंत चहाला जात नाही.