म्हशीची जाहिरात: छापील, तुटक की बोलती?

ज्याला वाचायला जड जातं, अशा गिऱ्हाईकासाठी म्हशीची जाहिरात कशी लिहावी हे ठरवायचं असेल, तर एकच म्हैस तीन तऱ्हांनी लिहून बघणं सगळ्यात सोपं. गावात कुणाचं जनावर विकायचं असलं की मोबाइलवर टाकायचा मजकूर लिहायला बहुतेक मलाच बोलावतात, आणि या तिन्ही तऱ्हा मी लिहून बघितल्या आहेत. म्हैस मुऱ्हा, दुसऱ्या वेताची, खाली रेडी, मागचं एक सड अधू.

पहिली तऱ्हा छापील:

"द्वितीय वेतातील, प्रतिदिन 12 लिटर दुग्धोत्पादनक्षम मुऱ्हा म्हैस मादी रेडकासह विक्रीस उपलब्ध. लसीकरण पूर्ण. एका सडातील अल्प दुग्धप्रवाह वगळता कोणताही दोष नाही. अपेक्षित किंमत रु. 1,15,000/-, वाटाघाटीस वाव."

दुसरी तुटक:

"मुऱ्हा म्हैस विकणे. 2 रे वेत. 12 ली. रेडीसह. एक सड कमी. लस ओके. 1.15. कॉल करा."

तिसरी बोलती:

"म्हैस विकायची आहे.
जात मुऱ्हा. दुसरं वेत.
गणपतीत व्याली. खाली रेडी आहे.
दूध सकाळी साडेसहा लिटर. संध्याकाळी साडेपाच लिटर.
मागचं एक सड अधू आहे. त्यातून दूध कमी येतं.
लाळ्या-खुरकुताची लस दिली आहे. कानात बिल्ला आहे.
भाव 1 लाख 15 हजार. बसून बोलू.
आधी धार काढून बघा. सकाळी 6 वाजता या."

छापील तऱ्हेचा खरा धोका अवघड शब्दांत नाही, वाक्याच्या ठेवणीत आहे. मराठीत क्रियापद शेवटी येतं आणि "नाही" त्याच्याही मागे. अडखळत वाचणारा माणूस वाक्याच्या टोकाला पोचेपर्यंत सुरुवात विसरतो, हातात राहतं ते शेवटचं. "एका सडातील अल्प दुग्धप्रवाह वगळता कोणताही दोष नाही" यातलं त्याला ऐकू येतं "दोष नाही". असंच एकदा झालं. गिऱ्हाईक पहाटे टेम्पो करून आलं, धारेला बसलं आणि सडाला हात लावताच म्हणालं, "हे लिहिलं नव्हतं तुम्ही." लिहिलं होतं. पण त्याच्यापर्यंत ते पोचलंच नव्हतं. त्यात त्याची चूक काहीच नव्हती, तरी भाड्याचे पैसे त्याचेच गेले. तेव्हापासून "वगळता", "व्यतिरिक्त", "असल्यास" हे शब्द मी जाहिरातीत येऊ देत नाही. दोषाला स्वतःचं एक वाक्य, आणि तेही होकारी: "सड अधू आहे."

दुसरी गोष्ट विशेषणांच्या माळेची. "द्वितीय वेतातील, प्रतिदिन 12 लिटर दुग्धोत्पादनक्षम" एवढं सगळं डोक्यात धरून ठेवायचं, आणि मग कळतं की बोलणं म्हशीबद्दल आहे. बोलताना आपण आधी म्हैस म्हणतो, मग तिची एकेक गोष्ट सांगतो. लिहितानाही तसंच करावं, एका वाक्यात एक गोष्ट.

जोडाक्षरं टाळा असा सल्ला नेहमी दिला जातो, पण तो अर्धाच खरा आहे. "म्हैस" यात जोडाक्षर आहे, "व्याली" यातही आहे, तरी कुणी अडत नाही, कारण शब्द तोंडातला आहे. "संपर्क" हा शब्द तर पाट्यांवर इतका दिसतो की तो अक्षरं न लावता, नुसत्या रूपावरून ओळखला जातो. उलट "वाव" या शब्दात जोडाक्षर नाही, पण गोठ्यात तो कुणी बोलत नाही. म्हणून कसोटी अक्षराची नको, कानाची हवी. हा शब्द बाजारात दावणीशी उभं राहून कुणी बोलेल का, एवढंच बघावं. कान मात्र गावागणिक बदलतो. आमच्याकडे रेडी म्हणतात, काही भागांत वगार. गिऱ्हाईक जिकडचं, तिकडचा शब्द घ्यावा.

आता तुटक तऱ्हा. ती बघायला सोपी वाटते, कारण शब्द थोडे. पण जे गाळलं ते वाचणाऱ्याने स्वतः भरायचं असतं, आणि ज्याला वाचनाची सवय नाही त्याला तेच सगळ्यात जड जातं. "12 ली." म्हणजे एका वेळचं की दिवसाचं? "लस ओके" म्हणजे कुठली लस? "एक सड कमी" म्हणजे सडच नाही, की दूध कमी? "1.15" तर सरळ घातक आहे. बारीक टिंब पडद्यावर दिसत नाही आणि आकडा 115 होतो. 7.5 लिटरचे 75 वाचलेले मी बघितले आहेत. आपल्याकडे दीड, अडीच, साडेसात हे शब्द प्रत्येकाच्या तोंडी असतात, मग अपूर्णांक अक्षरांत लिहावा. पूर्ण आकड्याचं उलट आहे. "एकोणऐंशी", "त्र्याहत्तर" हे शब्द चांगल्या वाचणाऱ्यालाही थबकवतात, तिथे 79 आणि 73 हेच बरं. मोठ्या रकमेत दोन्ही मिसळावं: 1 लाख 15 हजार. शून्यं मोजावी लागत नाहीत.

तरी तुटक तऱ्हा टाकाऊ नाही. व्यापाऱ्याला ती चालते, रिकामी जागा तो अनुभवाने भरतो. दुकानाबाहेरच्या पाटीवरही तीच बसते. छापील तऱ्हा बँकेच्या कर्जप्रकरणाला जोडायच्या कागदावर शोभते, तिथे वाचणारा त्याच भाषेत काम करतो. गोठ्यासाठी एक-दोन म्हशी घेणारा शेतकरी तुमचं गिऱ्हाईक असेल, तर बोलतीच घ्या.

बोलतीची किंमतही मोजावी लागते. ती लांब होते. सोपं म्हणजे थोडकं, हा समज इथे मोडतो: दूध सकाळ-संध्याकाळ वेगळं सांगायला एकाऐवजी दोन वाक्यं लागली. लांब मजकूर मोबाइलवर अर्ध्यात तुटतो आणि उरलेलं बघायला दाबावं लागतं. पुष्कळ जण दाबत नाहीत. म्हणून पहिल्या चार ओळींत जात, वेत, दूध आणि भाव यायला हवेत. वरच्या नमुन्यात भाव खाली आहे, तो मी आता वर घेतो. सडाची ओळ मात्र दुधाच्या ओळीला चिकटूनच राहू द्यावी. तिला खाली ढकललं तर लपवल्यासारखं होतं.

टाकण्याआधी मी मजकूर शेजारच्या मावशींना देतो. त्या चौथीपर्यंत शिकल्या आहेत. मोठ्याने वाचायला सांगतो, मग फोन बाजूला ठेवून विचारतो: दूध किती, भाव किती, म्हशीत खोड काय? "समजलं का?" असं विचारून उपयोग नाही, माणूस भिडेने हो म्हणतो. तीनपैकी एक उत्तर चुकलं की ती ओळ पुन्हा लिहायची. मागच्या खेपेला त्या "अधू"वर अडल्या नाहीत, "बिल्ला"वर अडल्या, कारण त्यांना वाटलं गळ्यातला. आता मी "कानात पिवळा बिल्ला आहे, त्यावर 12 आकडे आहेत" असं लिहितो.

ज्याला अजिबात वाचता येत नाही, त्याला यातली कुठलीच तऱ्हा पुरत नाही. त्याच्यासाठी बोलती जाहिरात तशीच आवाजात रेकॉर्ड करून सोबत पाठवावी, आणि कासेचा मागून काढलेला फोटो जोडावा, चारही सडं दिसतील असा.