73 की 67.4? हबल स्थिरांकाचे दोन आकडे आणि कोमा समूहाचं अंतर

एप्रिल-मे महिन्यांत रात्री अरुंधती केश हा फिकट तारकासमूह ठाण्याच्या आकाशात जवळजवळ डोक्यावर येतो. त्याच्या दिशेला, नुसत्या डोळ्यांना अजिबात न दिसणारा, हजाराहून अधिक दीर्घिकांचा कोमा समूह आहे. आकाशदर्शनाच्या फलकावर त्याचं अंतर लिहायला बसलं की अडचण सुरू होते. ताम्रसृतीवरून, म्हणजे त्याचा प्रकाश लाल रंगाकडे किती सरकला आहे यावरून, कळणारा त्याचा दूर जाण्याचा वेग सेकंदाला साधारण 7,200 किलोमीटर आहे. दूर जाण्याचा वेग अंतराबरोबर वाढतो. दर मेगापार्सेकला, म्हणजे सुमारे 32.6 लाख प्रकाशवर्षांना, तो सेकंदाला जितक्या किलोमीटरने वाढतो तो आकडा म्हणजे हबल स्थिरांक. वेगाला 73 ने भागलं तर 98.6 मेगापार्सेक, म्हणजे सुमारे 32 कोटी प्रकाशवर्षं येतात. 67.4 ने भागलं तर 106.8 मेगापार्सेक, म्हणजे जवळपास 35 कोटी. देवयानी दीर्घिका आपल्यापासून 25 लाख प्रकाशवर्षांवर आहे. या दोन उत्तरांतला नुसता फरकच तिच्या अंतराच्या दहापट आहे.

दोन्ही आकडे काळजीपूर्वक काढलेले आहेत. ॲडम रीस यांच्या गटाने 2022 मध्ये दिलेला आकडा 73.04, त्याची अनिश्चितता 1.04. प्लँक उपग्रहाच्या गटाने 2018 च्या निकालांत दिलेला 67.4, अनिश्चितता 0.5. मधली दरी 5.6 ची, आणि दोन्ही अनिश्चितता, वर्गांच्या बेरजेचं वर्गमूळ घेऊन, एकत्र केल्या तर येतात 1.15. दरी त्याच्या जवळजवळ पाचपट आहे, तेव्हा योगायोग म्हणून ती सोडून देता येत नाही. एकतर कुणाची तरी एक बाजू चुकते आहे, नाहीतर दोन्ही बाजू बरोबर असून त्यांना जोडणारं विश्वाचं चित्र अपुरं आहे.

73 देणारी पहिली पद्धत समजायला पारसिकच्या डोंगरावरून रात्री नवी मुंबईकडे बघावं. पाम बीच रोडचे दिवे सगळे एकाच क्षमतेचे आहेत असं धरलं, आणि अगदी जवळच्या दिव्याचं अंतर टेपने मोजलं, तर लांबचा दिवा किती मंद दिसतो यावरून त्याचं अंतर सांगता येतं. आकाशात जवळच्या दिव्यांचं काम सेफिड तारे करतात. त्यांची चमक ठरावीक काळाने कमीजास्त होते, आणि हा काळ जितका मोठा तितका तारा मुळात तेजस्वी, हे हेन्रिएटा लेव्हिट यांनी 1912 मध्ये दाखवलं. त्यांच्यासाठीची ‘टेप’ तीन ठिकाणांहून येते: आपल्या आकाशगंगेतल्या सेफिडांचे गाया उपग्रहाने मोजलेले पराशय, म्हणजे पृथ्वी सूर्याभोवती फिरताना ताऱ्याची जागा किती सरकलेली दिसते ते, मोठ्या मॅगेलन मेघातले एकमेकांना झाकणारे जोडतारे, आणि NGC 4258 दीर्घिकेच्या कृष्णविवराभोवती फिरणारे पाण्याच्या वाफेचे मेसर, म्हणजे रेडिओलहरींत तेजस्वी दिसणारे ढग. ही तिन्ही अंतरं निव्वळ भूमितीने निघतात. तिघांपैकी कुठलंही एकच वापरलं तरी उत्तर 73 च्या आसपासच राहतं.

सेफिडांच्या पुढची पायरी म्हणजे प्रकार 1ए चे सुपरनोव्हा, जवळपास सारख्याच तेजाने फुटणारे तारे. ज्या 37 दीर्घिकांत सेफिडही दिसले आणि असे सुपरनोव्हाही झाले, त्यांच्यावरून सुपरनोव्हाची खरी तेजस्विता ठरवली गेली. मग त्याहून दूरच्या 277 सुपरनोव्हांवरून प्रसरणाचा वेग. ही तिसरी पायरी 0.023 ताम्रसृतीपासून सुरू होते, म्हणजे जवळपास कोमा समूहाच्याच अंतरापासून. त्याच्या अलीकडे दीर्घिकांचे स्वतःचे वेग फार ढवळाढवळ करतात. शेजारच्या वस्तुमानाच्या ओढीने एखाद्या समूहाला सेकंदाला 300 किलोमीटरचा जादा वेग मिळाला असेल, तर 7,200 मध्ये तो चार टक्के होतो. म्हणूनच एकट्या कोमावरून हा वाद मिटत नाही.

अंतरांच्या या पायऱ्यापायऱ्यांच्या शिडीवर सर्वांत जास्त संशय घेतला गेला तो गर्दीचा. लांबचे दिवे बघताना दोन-तीन दिवे एकात एक मिसळून एकच मोठा दिवा दिसतो, तसंच दूरच्या दीर्घिकेतल्या सेफिडात शेजारच्या ताऱ्यांचा प्रकाश मिसळतो. तो वजा करताना चूक राहिली, तर सेफिड आहे त्याहून तेजस्वी वाटतो, म्हणून जवळ वाटतो, आणि हबल स्थिरांक फुगतो. संशयाची दिशा अगदी बरोबर आहे. प्रश्न आहे तो किती चूक लागेल याचा. 73 आणि 67.4 यांतला आठ टक्के फरक प्रतीत, म्हणजे ताऱ्यांची तेजस्विता मोजायच्या एककात, मांडला तर 0.17 येतो. सेफिडांची तेजस्विता सरसकट सुमारे 17 टक्क्यांनी चुकली असेल, तरच दरी भरेल.

ही चूक असेल तर तिची खूणही दिसायला हवी. अंतर वाढेल तशी गर्दी वाढते, म्हणजे चूकही अंतराबरोबर वाढली पाहिजे. जेम्स वेब दुर्बीण हबलपेक्षा कितीतरी बारीक तपशील वेगळा करते, त्यामुळे तेच सेफिड तिच्यातून पुन्हा मोजले गेले. सुमारे 13 कोटी प्रकाशवर्षांवरची NGC 5468 धरून पाच दीर्घिका आणि NGC 4258, मिळून हजारावर सेफिड होते. दोन्ही दुर्बिणींच्या मोजणीत सरासरी फरक निघाला 0.01 प्रत, अनिश्चितता 0.03. हवा होता 0.17. शिवाय तो अंतराबरोबर वाढतानाही दिसला नाही. हा निकाल 2024 मध्ये आला. गर्दीचा मुद्दा माझ्या मते तिथे संपला.

67.4 देणारी दुसरी पद्धत अगदी वेगळी आहे. डोंगरावरून वाशीचा पूल किती अंशांत मावतो ते मोजलं आणि पुलाची लांबी माहीत असली, तर अंतर निघतं. विश्वाच्या जन्मानंतर सुमारे 3,80,000 वर्षांनी प्रकाश मोकळा झाला. तोवर तप्त वायूत ध्वनिलहरी धावत होत्या, आणि त्या जितकं अंतर कापू शकल्या तेवढ्या मापाचा ठसा त्या प्रकाशावर, म्हणजे आज आकाशभर दिसणाऱ्या सूक्ष्मलहरी पार्श्वभूमीवर, उमटला. हा आपला पूल. तो आकाशात 0.6 अंशाचा दिसतो, पूर्णचंद्राहून किंचित मोठा. प्लँकने हा कोन हजारात एक भागापेक्षाही बारीक मोजला आहे. मोजमाप म्हणून याच्या जवळपास फिरकणारं खगोलशास्त्रात फार थोडं आहे.

मला खटकतं ते याच्या पुढचं. पुलाची लांबी कुणी मोजलेली नाही, ती आराखड्यातून घेतली आहे. साधं द्रव्य किती, कृष्णद्रव्य किती, न्यूट्रिनोंचे प्रकार किती, हे धरून ध्वनिलहर किती दूर गेली असेल ते गणिताने काढतात. उत्तर येतं त्या वेळी सुमारे 4.3 लाख प्रकाशवर्षं, आणि आजपर्यंत ताणून सुमारे 47 कोटी. तिथून आजच्या प्रसरणाच्या वेगापर्यंत यायलाही तोच सहा राशींचा आराखडा वापरावा लागतो. त्यात एक खिळा सैल केला की काय होतं बघा. प्लँकच्या एकट्या माहितीत अवकाशाला वक्रता असू शकते एवढीच मोकळीक दिली, तर हबल स्थिरांक पन्नाशीत घसरतो. प्रसरणाला वेग देणाऱ्या कृष्ण ऊर्जेच्या वागणुकीला मोकळीक दिली, तर तो ऐंशीच्या पुढेही जाऊ शकतो. 67.4 मागची 0.5 ही अनिश्चितता आराखडा तंतोतंत खरा असेल तरच लागू आहे. शिडीची 1.04 दुप्पट मोठी आहे, पण तिला विश्व कशाचं बनलं आहे याच्याशी जवळजवळ देणंघेणं नाही. माझा कल ज्या एका गोष्टीने ठरला ती हीच.

प्लँकवर अन्याय होऊ नये म्हणून दोन गोष्टी सांगायलाच हव्यात. उपग्रह बिघडलेला नव्हता. चिलीतल्या अटाकामा दुर्बिणीने प्लँकची माहिती न वापरता 2020 मध्ये 67.9 दिलं. आणि वर सांगितलेली घसरण एकट्या प्लँकपुरती आहे. त्याच ध्वनिलहरींचा ठसा दीर्घिकांच्या मांडणीतही दिसतो, आणि तो जोडला की वक्रता आणि कृष्ण ऊर्जा दोघांनाही फारसं हलता येत नाही. उत्तर पुन्हा 68 च्या आसपास येऊन बसतं.

पण ते बसतं कुठे? त्याच पुलावर. दीर्घिकांच्या मांडणीतली मोजपट्टीही तीच, आराखड्यातून घेतलेली. अलीकडच्या काळातलं प्रसरण वाकवून दरी भरत नाही, कारण सुपरनोव्हा आणि दीर्घिकांची मांडणी मिळून मधला सगळा काळ घट्ट धरून ठेवतात. मग उरतो पूलच. तो सुमारे सात टक्क्यांनी आखूड असेल, आजच्या मापात 47 कोटींऐवजी 44 कोटी प्रकाशवर्षं, तर दोन्ही बाजू जुळतात. त्यासाठी प्रकाश मोकळा होण्याच्या आधी विश्व थोडं जास्त वेगाने प्रसरण पावलेलं हवं, म्हणजे ध्वनिलहरींना धावायला वेळ कमी मिळेल. आरंभीची कृष्ण ऊर्जा ही कल्पना नेमकं हेच करते. एकूण ऊर्जेच्या दहा टक्क्यांच्या आसपास भर घालायची आणि लगेच विरून जायचं. अडचण अशी की पार्श्वभूमीचे बाकीचे ठसे सांभाळायला मग कृष्णद्रव्य वाढवावं लागतं, आणि दीर्घिका आज दिसतात त्याहून जास्त गुठळ्यांनी जमायला हव्या होत्या असं गणित म्हणू लागतं. एक घडी बसवताना दुसरी विस्कटते. म्हणून आराखडा अपुरा आहे एवढंच मी म्हणेन, तो कुठे अपुरा आहे ते अजून कुणाच्या हाती लागलेलं नाही.

शिडीच्या विरुद्धचा सर्वांत वजनदार मुद्दा शिडीतलाच आहे. वेंडी फ्रीडमन यांचा गट सेफिडांऐवजी तांबड्या राक्षसी ताऱ्यांच्या कमाल तेजस्वितेवरून मोजतो, आणि त्यांचं उत्तर 70 च्या आसपास येतं, दोघांच्या मधोमध. मात्र एकाच दीर्घिकेचं अंतर दोन्ही रीतींनी काढलं तर ती बरीचशी जुळतात. फरकाचा मोठा भाग येतो तो जेम्स वेबने पाहिलेल्या मोजक्याच दीर्घिकांत झालेल्या सुपरनोव्हांमुळे. नमुना लहान आहे. तो वाढला आणि तरीही 70 च राहिलं, तर मलाही माझं मत बदलावं लागेल.

तोवर जवळच्या दीर्घिकांच्या फलकासाठी मी 73 घेईन, आणि कोमाखाली ‘सुमारे 32 कोटी प्रकाशवर्षं, हबल स्थिरांक 73 धरून’ असं लिहीन. हबल स्थिरांकाचा आकडा न देता नुसतं अंतर लिहू नये, कारण वाचणाऱ्याला ते दुसऱ्या पुस्तकाशी ताडून बघता येत नाही. एक चूक मात्र अनेक तक्त्यांत आढळते: अंतरं 73 ने काढलेली आणि शेजारी विश्वाचं वय 1,380 कोटी वर्षं. ते वय 67.4 च्या जोडीचं आहे. द्रव्याचं प्रमाण तेच ठेवून 73 घेतलं तर वय 1,270 कोटींवर येतं, आणि सर्वांत जुन्या तारकागुच्छांची वयं त्याला अगदी टेकतात. वय लिहायचंच असेल तर ते वेगळ्या चौकटीत, प्लँकच्या आराखड्यातलं म्हणून लिहावं.