घोस्टिंग ‘रिपेअर’ करून देतो म्हणणाऱ्याला मी साडेसातशे रुपये दिले

माझ्या मुलाचा कीबोर्ड सहाशे रुपयांचा, साधा मेम्ब्रेनवाला. गाडीच्या रेसिंग गेममध्ये त्याला एकच अडचण यायची. वरचा बाण दाबून वेग धरला, डावा बाण दाबून वळण घेतलं आणि त्याच वेळी स्पेस दाबून हँडब्रेक मारला, की ब्रेक लागायचाच नाही. उजव्या वळणावर मात्र तोच ब्रेक व्यवस्थित लागायचा.

हे उजव्या-डाव्याचं मुलानं मला नीट सांगितलं होतं. मीच ते मनावर घेतलं नाही आणि तिथेच फसलो.

एम. जी. रोडच्या एका गल्लीतल्या दुकानात कीबोर्ड घेऊन गेलो. दुकानदार म्हणाला, “साहेब, याला घोस्टिंग म्हणतात. आतली शीट साफ करावी लागेल आणि अँटी-घोस्टिंगचा ड्रायव्हर टाकावा लागेल. साडेचारशे आणि तीनशे.” संध्याकाळी गेलो तेव्हा त्यानं कीबोर्ड स्वतःच्या कॉम्प्युटरला जोडून दाखवला. वरचा बाण, उजवा बाण, स्पेस. तिन्ही बटणं उमटली. मी पैसे दिले. पावती मागितली तर “काही झालं तर या ना, मी इथेच आहे” म्हणाला. ड्रायव्हर पेनड्राइव्हवर दिला.

घरी डावं वळण घेतलं आणि ब्रेक पुन्हा लागला नाही. दुकानात जी तीन बटणं दाबून दाखवली, ती आधीपासूनच चालत होती.

शेजारचे सर पॉलिटेक्निकमध्ये इलेक्ट्रॉनिक्स शिकवतात. त्यांनी मागचे स्क्रू काढून कीबोर्ड उघडला. आत प्लास्टिकच्या तीन पातळ शीट. वरच्या आणि खालच्या शीटवर छापलेल्या रेषा, मधल्या शीटला भोकं. बटण दाबलं की त्या भोकातून वरची रेषा खालच्या रेषेला टेकते. बटणं शंभरावर असतात, पण चिपकडे जाणाऱ्या रेषा पंचवीस-तीसच. प्रत्येक बटण म्हणजे एक आडवी आणि एक उभी रेषा जिथे भेटतात ती जागा. सरांनी कागदावर चौकोन काढला. तीन कोपऱ्यांवरची बटणं एकदम दाबली तर करंट त्या तिघांतून वळसा घालून जातो आणि चिपला चौथ्या कोपऱ्यावरचं, कुणी न दाबलेलं बटणही दाबल्यासारखं दिसतं. खोटं अक्षर उमटू नये म्हणून स्वस्त कीबोर्डची चिप अशा वेळी शेवटी दाबलेलं बटण सोडूनच देते. आमच्या कीबोर्डवर वरचा बाण, डावा बाण आणि स्पेस अशाच तीन कोपऱ्यांवर बसले होते. उजव्या बाणाची रेषा वेगळी, म्हणून तिकडे अडचण नाही.

म्हणजे बिघाड कुठेच नव्हता. ती रचनाच तशी आहे. शीट पुसून रेषा बदलत नाहीत. हे टाळायचं तर करंटला उलट वळसा घालू न देणारा डायोड प्रत्येक बटणाला स्वतंत्र लागतो, तो चांगल्या मेकॅनिकल कीबोर्डमध्ये असतो. छापील शीटमध्ये तो दुकानात बसवून मिळत नाही.

ड्रायव्हरचंही तेच. जे बटण चिपनं कॉम्प्युटरला कळवलंच नाही, ते ड्रायव्हर कुठून आणणार? सरांनी Device Manager उघडून HID Keyboard Device दाखवलं. तिथे Driver Provider पूर्वीसारखाच Microsoft. तीनशे रुपयांच्या प्रोग्रॅमनं तिथे काहीही बदललं नव्हतं. तो मी काढून टाकला. अनोळखी पेनड्राइव्हवरून तो टाकायलाच नको होता.

दुकानदाराकडे परत गेलो. “स्वस्त कीबोर्डला एवढंच होतं,” म्हणाला. हेच त्यानं पैसे घेण्याआधी सांगायला हवं होतं. पावती नाही, यूपीआयवर फक्त रक्कम. पैसे परत मिळाले नाहीत.

उपाय शेवटी फुकटात झाला. गेमच्या सेटिंगमध्ये हँडब्रेक स्पेसवरून डाव्या कंट्रोलवर नेला. शिफ्ट, कंट्रोल, आल्ट या बटणांच्या रेषा बहुतेक कीबोर्डमध्ये वेगळ्या काढलेल्या असतात, कारण ती इतर बटणांबरोबरच दाबायची असतात. शिफ्ट घेतलं नाही, कारण ते लागोपाठ पाच वेळा दाबलं की विंडोज Sticky Keys विचारतं आणि गेम अडतो. मात्र कुणाला एकदम पाच-सहा साधी बटणं दाबायची असतील, किंवा दोघांना एकाच कीबोर्डवर खेळायचं असेल, तर बटणं बदलूनही कुठे ना कुठे अडेल. तिथे दुसरा कीबोर्डच घ्यावा लागतो.

नवीन घेताना खोक्यावर ‘अँटी-घोस्टिंग’ लिहिलेलं असलं तरी ते बहुधा ठरावीक बटणांपुरतंच असतं. दुकानातच नोटपॅड उघडून एक शब्द लिहा आणि कर्सर त्या शब्दाच्या आधी आणा. वरचा आणि डावा बाण दाबून धरा, मग स्पेस दाबा. शब्द पुढे सरकला तर ती तिन्ही बटणं एकत्र चालतात. जागचा हलला नाही तर नाही. तुमच्या गेममध्ये जी बटणं लागतात ती अशीच, दोन दाबून धरून तिसरं, तुम्ही स्वतः दाबून बघा. दुकानदाराला दाबू देऊ नका.